फिटच्या गोळीची झोप

आयुष्यात एकदाच मी एका परक्या बाईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपले, आणि नेमकी ती माझी होऊ घातलेली विहीण होती. तिच्या रेशमी पदरावर माझी लाळ गळली होती. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी पुढे कधीतरी हसून सांगितलं असतं. पण थांबलं नाही.

मी म्हैसूरच्या एका शाळेत गणित शिकवत असे. आमची चार पिढ्यांची मराठी घरं इथलीच. कोणे एके काळी रंगाऱ्याचा धंदा होता, आता कोणी शिक्षक, कोणी कारकून. आपली म्हणावी अशी माणसं इतकी थोडी की कुवेंपुनगरात एखादीला शिंक आली तर देवराज मोहल्ल्यातल्या तिच्या चुलत सासूला संध्याकाळपर्यंत कळतं. लग्नं याच थोड्या घरांत ठरायची. त्यामुळे घरात उपवर मुलगी असली की दुखणीसुद्धा निवडून सांगायची असतात. रक्तदाब, मधुमेह, गुडघे चालतात. उलट जरा वजन येतं. काही दुखणी मात्र तोंडातून काढायची नसतात.

माझं दुखणं खरं तर सांगण्यासारखंच होतं. उजव्या गालात वीज चमकून जावी तशी कळ यायची. दात घासताना, घास चावताना, बसच्या खिडकीतून वारं लागलं तरी. दाताच्या डॉक्टरांनी एक चांगला दात काढून टाकला, कळ तिथल्या तिथेच. शेवटी मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गालाला हातसुद्धा न लावता ओळखलं. चेहऱ्याची नस दुखते म्हणाले, आणि कार्बामाझेपिन लिहून दिलं.

"ही मुळात फिटची गोळी आहे," ते म्हणाले. "पण या दुखण्यावर हीच चालते. झोपेची गोळी नाही ही, तरी सुरुवातीला झोप येईल, चक्कर येईल. म्हणून थोडीथोडी वाढवू. शरीर सरावलं की ती जाईल. पण सगळं स्थिर झाल्यावर पुन्हा कधी झोप वाढली, तोल जायला लागला, एकाचे दोन दिसले, तर दमणूक समजू नका. गोळीचं प्रमाण अंगात वाढलंय असं समजून मला सांगा. आणि दुसरं कुठलंही औषध घ्यायच्या आधी ही चालू आहे हे त्या डॉक्टरला सांगायचं."

मी मान हलवली. गणिताची बाई मी. एकदा सांगितलेलं माझ्या लक्षात राहतं.

सुरुवातीचे दिवस खरंच झोपेत गेले, मग ती ओसरली, कळही गेली. मी शेंगदाणे चावून खाल्ले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तोपर्यंत सगळं ठीक होतं. मग दुसऱ्यांदा गोळ्या आणायला मी आमच्याच गल्लीतल्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणजे यांचा मामेभाऊ. त्यानं चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी असताना विचारलं, "अय्यो वैनी, घरात कोणाला फिट?"

"माझा गाल दुखतो," मी म्हटलं.

"हौदा, खरंच? गालाला ही?" तो म्हणाला, आणि ज्या मायेनं त्यानं पुडी बांधून दिली त्या मायेनंच माझा जीव गेला. मुलीसाठी स्थळं बघायला नुकतीच सुरुवात झाली होती. मी त्याच्या बायकोला चांगली ओळखते.

त्या दिवसापासून गोळ्या मी लष्कर मोहल्ल्यातून आणायला लागले. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. गोळ्या पाकिटातून सोडवून कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवायची आणि रिकामं पाकीट शाळेच्या कचऱ्यात टाकायची. यांना आणि मुलीला माहीत होतं, पण त्यांनाही बजावलं होतं, बाहेर अवाक्षर काढायचं नाही. मुलगी म्हणाली, "आई, तुझा गाल दुखतो यात लपवायचं काय?" मी म्हटलं, "तुला लग्न करायचंय ना? मग सुम्ने बस, गप्प." हुशारीनं वागल्याचा मला फार अभिमान वाटत होता, तो आठवला की आजही कानशिलं तापतात.

आणि अशी झोप कशी ओळखायची हे मला कळत नव्हतं असंही नाही. काही वर्षांपूर्वी यांना रक्तदाबासाठी प्रोप्रानोलॉल दिलं होतं. हे गृहस्थ ऑफिसातून येऊन खुर्चीत बसले की मान छातीवर. रात्रभर झोपूनही सकाळी गळाल्यासारखे. हात गार, जिना चढताना धाप, आणि भलतीसलती स्वप्नं पडून दचकून उठायचे. सगळे म्हणाले, वय झालं. मी नाही म्हटलं. मी विचार केला, हे कधीपासून? गोळी सुरू झाल्यापासून. कधी जास्त? गोळी वाढवल्यावर. नाडी मोजली तर ती घड्याळाच्या काट्याच्याही मागे रेंगाळत होती. यांना घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि हे सगळं ओळीनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ही गोळी मेंदूतही पोचते, काहींना अशी सुस्ती येते. पण आपल्या मनानं एकदम बंद केली असती तर हृदयावर आलं असतं, विचारायला आलात हे बरं केलंत. त्यांनी ती हळूहळू कमी करून दुसरी दिली. मग काय, मी ही गोष्ट नातेवाइकांत वर्षभर सांगत होते. रक्तदाब होता ना! सांगायला लाज कसली?

मुलीला एक चांगलं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, वडिलांचं देवराज मोहल्ल्यात कापडाचं घाऊक दुकान, आई बँकेत अधिकारी, एक धाकटी बहीण. दोघं एका लग्नात भेटली होती आणि एकमेकांना आवडली होती, हे आम्हाला ठाऊक नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मुलगी तेव्हा घरात गुणगुणत फिरायची. मला एवढंच हवं होतं की हे जमावं. रविवारी ती मंडळी येणार होती.

त्या आठवड्यात माझा घसा बसला, ताप आला. शिक्षकाचा घसा म्हणजे हत्यार, म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा दवाखाना एकाच खोलीचा. डॉक्टर टेबलाशी, आणि पुढचे पेशंट समोरच्या बाकावर बसून मागच्याचं सगळं ऐकत असायचे. आमच्याकडे ते कोणाला वावगं वाटत नाही. उलट बाकावरून सल्लेही येतात. त्या दिवशी बाकावर माझी थोरली जाऊ गुडघा चोळत बसली होती.

डॉक्टरांनी घसा बघितला, लिहायला लागले आणि न बघताच विचारलं, "आणखी काही गोळ्या चालू आहेत?"

जाऊबाईंनी गुडघा चोळायचं थांबवलं.

"छे, काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी एरिथ्रोमायसिन लिहून दिलं. साधं, नेहमीचं औषध. कितीतरी लोकांनी घेतलं असेल, काही झालं नसेल.

दोन-तीन दिवसांत घसा सुटला आणि मी पेंगायला लागले. वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता खडूची रेघ खाली घसरत गेली, तेव्हा मुलं खुसखुसली. मी वळून रागावले, तर पहिल्या बाकावर चार मुली दिसल्या. तिथे दोघीच बसतात. दाराच्या चौकटीला खांदा आपटला. पोटात मळमळत होतं, आणि जीभ जड, शब्द तोंडातच लोळत राहायचे. घरी येऊन चकल्या तळताना झाऱ्या हातात धरून उभ्यानं डुलकी लागली, मुलीनं वेळेवर गॅस बंद केला.

"आई, तुला काहीतरी होतंय. बाबांचं झालं होतं तसं," ती म्हणाली.

"तुझ्या लग्नाची दमणूक आहे ती," मी तिच्यावरच उखडले. घट्ट कॉफी प्यायले. कॉफीनं छाती धडधडायला लागली, झोप जागची हलली नाही. हे कधीपासून, हा प्रश्न नवऱ्याच्या बाबतीत मी किती ऐटीत विचारला होता. स्वतःला विचारायचा म्हणजे उत्तर घेऊन त्या बाकासमोर परत जायचं होतं.

रविवारी मंडळी आली. मुलाचे आईवडील, मुलगा आणि त्याची बहीण. गोड, बुटकीशी, कॉलेजात जाणारी. आल्या आल्या ती माझ्या मुलीच्या मागे स्वयंपाकघरात गेली आणि दोघींचं हसू बाहेर ऐकू यायला लागलं. मला बरं वाटलं. सकाळची गोळी घेतली होती आणि घशाचीही घेतली होती. मुलाच्या आईला मी माझ्या शेजारी कोचावर बसवलं. मी कॉफी ओतायला घेतली. समोर एक पेला होता की दोन हे मला कळेना, आणि मी ओतली ती दोघांच्या मधोमध, सरळ टेबलावर.

"पर्वागिल्ला, असू दे," मुलाचे वडील म्हणाले आणि पत्रिकेवर बोलायला लागले. त्यांचा आवाज गोड होता. मला आठवतं ते एवढंच. पुढचं आठवतं ते म्हणजे यांचा घाबरा चेहरा आणि माझ्या गालाखाली रेशीम.

मी ताडकन उठले ती तशीच डावीकडे कलंडले. मुलाच्या वडिलांनी नजर दुसरीकडे वळवली. त्या नजरेचा अर्थ मला कळला. आमच्यातल्या एका काकांना बघून लोक अशीच नजर वळवायचे, आणि ते पीत असत. हे म्हणाले, "पहाटेपासून कामं करतेय ती." माझी मुलगी दारात उभी होती, पांढरीफटक. जमिनीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं, आणि त्यातही डोळे मिटत होते. त्या लाजेतसुद्धा झोप येत होती, याचीच मला अधिक लाज वाटली.

मुलाची आई उठली. तिनं माझा दंड धरला आणि "स्वल्प पाणी प्या, चला," म्हणत मला स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावर बसवलं. पदर पुसायचं तिच्या मनातही आलं नाही. माझ्या नाकासमोर बोट धरून म्हणाली, "डोकं हलवू नका, नुसतं बोटाकडे बघा." तिनं बोट एका बाजूला नेलं. माझी बुबुळं थरथरत असावीत, कारण ती थांबून बघत राहिली.

"एकाचे दोन दिसतात ना?"

"हो."

"गोळी कोणती घेता तुम्ही?"

"कसली गोळी? काही नाही."

"माझ्यापाशी लपवू बेडा," ती हळूच म्हणाली. "मी हे बघितलंय. ही दमणूक नाही. दमलेला माणूस झोपून उठला की बरा होतो, त्याचे डोळे असे नाचत नाहीत, असा तोल जात नाही. कार्बामाझेपिन, अल्वा? तीच ना?"

ते नाव तिच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. औषधवाल्याच्या बायकोनं सांगितलं, जमत आलेलं मोडलं, माझ्या पोरीचं आता काही खरं नाही, एवढंच डोक्यात. माझी जीभ जड होती तरी नको तेवढं बोलायला ती पुरली.

"अहो, ती गालाच्या नसेसाठी आहे हो! देवाशपथ. आमच्या घराण्यात फिटबिट काही नाही. चार पिढ्या विचारून बघा. तसलं काही असतं तर आम्ही तुम्हाला बोलावलंच नसतं. तसल्या घरात कोण मुलगी देईल, आणि तसली मुलगी कोण घेईल? एवढी का आम्ही निर्लज्ज?"

मला वाटलं, मी बाजी सावरली. मी तिच्याकडे आशेनं पाहिलं. ती माझ्या मागे पाहत होती. मी वळले तर ओट्याशी तिची मुलगी उभी होती, हातात माझ्यासाठी भरलेला पाण्याचा पेला. ती पूर्ण वेळ तिथेच होती. मला एक दिसत होती की दोन हे मला माहीत नाही, मी बघूच शकले नाही.

"माझी मुलगी घेते," मुलाची आई म्हणाली. "शाळेत असल्यापासून. म्हणून मला कळलं."

पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मुलगी बाहेर गेली.

आता ती बाई निघून जाईल असं मला वाटलं. पण तिनं तोच पेला उचलून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "गेल्या आठवड्यात नवीन काय घेतलंत? सर्दीचं, घशाचं?"

मी सांगितलं.

"तेच असणार. त्या औषधानं ही गोळी अंगातून लवकर बाहेर पडत नाही, साचत जाते. गोळ्या तेवढ्याच, पण असर दुप्पट. आमच्या हिलाही एकदा असंच झालं होतं, ती जिन्यावरून पडली होती. घशाची पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि ही नसेची गोळी घाबरून आपल्या मनानं बंद करू नका. किती घ्यायची ते तेच सांगतील. आजच जा, उद्यावर टाकू नका."

दारापर्यंत तिनं यांनाही हे सगळं पुन्हा सांगितलं. आम्ही रिक्षा करून नसांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला सरळ रेषेत चालवून बघितलं, रक्त तपासायला पाठवलं, घशाचं औषध बदललं, संध्याकाळची कार्बामाझेपिन वगळायला सांगितली आणि पुढच्या गोळ्यांचा हिशेब घालून दिला. "मी सांगितलं होतं ना, दुसऱ्या डॉक्टरांना सांगायचं?" ते म्हणाले. "त्यांनी विचारलं नाही का?" हे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, विचारलं होतं.

काही दिवसांत झोप उतरली. डोळ्यांपुढचं जग पुन्हा एकेरी झालं, जीभ हलकी झाली. जागं होणं इतकं वाईट असतं हे मला माहीत नव्हतं. पेंगत होते तोवर ते शब्द मला धूसर आठवत होते. आता एकेक शब्द खणखणीत ऐकू यायला लागला. वर्गात शिकवताना मधेच आठवायचा आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची. तसली मुलगी. मी शिक्षिका होते. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत अशा किती मुली बसून गेल्या असतील, डबीतल्या गोळ्या घेऊन, माझ्यासारखीला घाबरून?

एका संध्याकाळी मी पेपर तपासत असताना फोन वाजला. मुलाची आई होती.

"झोप कशी आहे आता?" तिनं पहिल्यांदा तेच विचारलं. मग तोल, डोळे, गालाची कळ. मी सगळ्याला बरं आहे म्हटलं. माफी मागायची म्हणून मी शब्द जुळवत होते, तोवर तीच म्हणाली, "एक सांगायचं होतं. आमचं जमणार नाही. मुलाला तुमची मुलगी फार आवडली होती. मलाही. त्या दिवशी तुम्ही गोळीच्या गुंगीत होतात, हे मी स्वतःला कितीदा सांगून बघितलं. पण गुंगीत माणूस अडखळतं, नवीन काही शिकत नाही; मनात असतं तेच बाहेर येतं. उद्या माझी लेक नणंद म्हणून सणावाराला तुमच्याकडे येणार, राहणार. तिनं तुमच्या घरी गोळी कुठे लपून घ्यायची, सांगा?"

तिनं तब्येतीला जपा म्हटलं आणि फोन ठेवला.

मुलगी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

एक क्षण होता. त्या क्षणात मला खरं बोलता आलं असतं. मी पूर्ण जागी होते, कुठलीही गोळी चढलेली नव्हती.

"पत्रिकेत काहीतरी निघालं म्हणे," मी म्हटलं. "मंगळबिंगळ. जाऊ दे, आपल्याला काय स्थळांचा तोटा आहे?"

तिनं हातातल्या ओढणीची घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली, तळहातानं सारखी केली.

"आई, त्याच्या बहिणीचा मला कालच फोन आला होता," ती म्हणाली. "रडत होती. तिच्यामुळे माझं मोडलं म्हणून माझी माफी मागत होती."